लॅपटॉपचा आवाज बिघडला: दोष यंत्राचा की ड्रायव्हरचा?

२०१९च्या नोव्हेंबरमध्ये ॲपलचा सोळा इंची मॅकबुक प्रो बाजारात आला आणि थोड्याच दिवसांत एक विचित्र तक्रार ऐकू येऊ लागली. गाणं थांबवलं, व्हिडिओ बंद केला, की स्पीकरमधून 'टप्' असा आवाज यायचा. भारतात दोन लाखांच्या घरात किंमत असलेलं नवंकोरं यंत्र, आणि त्याचे स्पीकर पहिल्याच महिन्यात गेले, असा समज होणं साहजिक होतं. डिसेंबरमध्ये ॲपलने आपल्या अधिकृत दुरुस्ती केंद्रांना सूचना धाडली. तिचा मथितार्थ असा, की दुरुस्तीला घेऊ नका, लॅपटॉप बदलूनही देऊ नका. दोष सॉफ्टवेअरचा आहे आणि तो पुढच्या अपडेटमधून दूर होईल.

त्याच्या तीन वर्षं आधी, २०१६च्या नोव्हेंबरमध्ये, याच्या नेमकं उलट घडलं होतं. त्या वर्षीच्या नव्या मॅकबुक प्रोवर बूट कॅम्प वापरून विंडोज टाकणाऱ्या काही जणांच्या स्पीकरमधून अचानक मोठ्याने खरखर सुरू झाली. त्यांनी विंडोज बंद करून पुन्हा मॅकओएस सुरू केलं, तरी ती गेली नाही. दोष विंडोजसाठीच्या ध्वनी ड्रायव्हरमध्ये होता, पण त्याने जे काही पाठवलं त्याने स्पीकरच कायमचे जायबंदी झाले होते. ॲपलने सुधारलेला ड्रायव्हर दिला. ज्यांचे स्पीकर आधीच गेले होते त्यांना मात्र त्याचा काही उपयोग नव्हता.

एकदा स्पीकर बिघडल्यासारखा वाटला आणि तो शाबूत होता. एकदा चूक सॉफ्टवेअरची होती आणि बदलावा लागला स्पीकर. म्हणजे नुसत्या लक्षणावरून निकाल देता येत नाही. तरीही बहुतेक ठिकाणी तो तसाच दिला जातो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत लॅपटॉप नेला की सुट्या भागांचा माणूस स्पीकर बदलायला सांगतो, आणि शेजारचा 'कॉम्प्युटरवाला' मुलगा विंडोज नव्याने टाकायला सांगतो. ज्याला जे येतं ते तो सुचवतो. त्यात लबाडी असतेच असं नाही, पण तपासणीही नसते.

तपासणीची युक्ती तशी साधी आहे. आवाज ज्या वाटेने जातो ती वाट माहीत करून घ्यायची, ती मधूनच तोडायची आणि बिघाड तुटलेल्या जागेच्या अलीकडे आहे की पलीकडे ते पाहायचं.

वाट अशी. गाणं वाजवणारं ॲप आवाजाचे आकडे तयार करतं. सगळ्या ॲपचे आकडे ऑपरेटिंग सिस्टिम एकत्र मिसळते, त्यावर बास वाढवणं वगैरे संस्कार होतात, आणि ड्रायव्हर ते आकडे मेमरीतल्या एका छोट्या साठ्यात, म्हणजे बफरमध्ये ठेवतो. तिथून ते कोडेक नावाच्या चिपकडे जातात. लॅपटॉपमध्ये ही चिप बऱ्याचदा रिअलटेक कंपनीची असते. कोडेक आकड्यांची वीज करतो, ॲम्प्लिफायर ती वाढवतो आणि ती स्पीकरच्या तारेत किंवा हेडफोनच्या जॅकमध्ये जाते. बफरपर्यंतचा सगळा प्रवास सॉफ्टवेअरचा, कोडेकनंतरचा सगळा तांब्याच्या तारेचा. कोडेक स्वतः मधल्या चौकीवर बसलेला आहे: चिप म्हणून तो यंत्र आहे, पण त्याच्या कुठल्या पायाला काय जोडलंय हे त्याला बायोस आणि ड्रायव्हर सांगतात.

आधी खरखरीचं पाहू. बफरमध्ये घडणारा बिघाड आणि स्पीकरच्या पडद्यात घडणारा बिघाड हे दोन अगदी वेगळे प्राणी आहेत.

आवाजाचे आकडे साधारणपणे सेकंदाला ४८,००० या वेगाने खर्च होतात. विंडोजमध्ये ध्वनियंत्रणा नेहमीच्या वापरात दर १० मिलिसेकंदांनी पुढचा हप्ता भरते. म्हणजे एका हप्त्यात ४८० आकडे. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी जशी पाणी येण्याच्या वेळेवर अवलंबून असते, तसंच हे. नळाला पाणी यायला उशीर झाला की टाकी कोरडी पडते, मग टाकी कितीही चांगल्या प्रतीची असो. प्रोसेसर त्या क्षणी दुसऱ्याच कामात अडकला आणि पुढचा हप्ता वेळेवर आला नाही, तर आवाजात एक छोटंसं भोक पडतं. कानाला ते 'टक्' असं ऐकू येतं. अशी भोकं ओळीने पडू लागली की त्याची खरखर होते.

या खरखरीला गाण्याचं सोयरसुतक नसतं. तबल्याच्या ठेक्यावर ती येते आणि बासरीच्या लांब सुरातही येते. आवाज १० टक्क्यांवर आणला तरी ती हळू आवाजात टकटकत राहते. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, हेडफोन लावला तर ती हेडफोनमध्येही तशीच ऐकू येते, कारण भोक स्पीकरच्या आधीच पडलेलं असतं.

स्पीकरची खरखर गाण्याला धरून असते. लॅपटॉपच्या स्पीकरचा पडदा अंगठ्याएवढा, त्याची ताकद बहुधा एक-दोन वॉटची. पडद्याची कड फाटली, आत धूळ किंवा लोखंडाचा कण अडकला, किंवा स्पीकर धरून ठेवणारा एखादा स्क्रू सैल झाला, तर ठरावीक सुरांवरच फरफर होते. हळू आवाजात ती बहुधा नाहीशी होते, कारण पडदा तेवढा हलतच नाही. कीबोर्डशेजारची बाजू बोटाने दाबली की ती बदलते किंवा थांबते. हे शेवटचं लक्षण निर्णायक आहे. बोटाने दाबून ड्रायव्हर सुधारत नाही.

याची खात्री करायला गाणं हे वाईट साधन आहे, कारण गाण्यात एकाच वेळी शंभर सूर असतात. त्यापेक्षा एकच शुद्ध सूर वाजवावा आणि तो सावकाश खालून वर न्यावा. ऑडेसिटी या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असा सूर तयार करता येतो. १०० हर्ट्झपासून २,००० हर्ट्झपर्यंत अर्ध्या मिनिटात चढणारा सूर, आवाज मध्यम. आवाज फार मोठा ठेवू नये, कारण एकसारखा मोठा सूर छोट्या स्पीकरला गाण्यापेक्षा जास्त तापवतो. समजा ३०० हर्ट्झच्या आसपास फरफर सुरू झाली आणि पुढे थांबली, आणि दर वेळी त्याच जागी तेच झालं, तर तो पडदा आहे. मग बॅलन्स पूर्ण डावीकडे, नंतर पूर्ण उजवीकडे करून कोणता स्पीकर ते कळतं. तक्रार दर वेळी वेगळ्या जागी आली, तर ती वेळेची गडबड.

इथवर चित्र स्वच्छ आहे. घोळ होतो तो मधल्या प्रकारात. कित्येक लॅपटॉपमध्ये स्पीकरच्या लहान आकारावर उतारा म्हणून आवाज फुगवणारं सॉफ्टवेअर घातलेलं असतं. डॉल्बी, वेव्हज, डीटीएस अशा नावांनी ते दिसतं. ते बास वाढवतं, दबके आवाज उचलतं. एखाद्या अपडेटनंतर त्याची मांडणी बिघडली, तर आकडे कमाल मर्यादेवर आपटून कापले जातात आणि मोठ्या आवाजात फाटल्यासारखं ऐकू येतं. ही मांडणी फक्त स्पीकरसाठी असल्याने हेडफोनमध्ये सगळं ठीक असतं! म्हणजे लक्षणं सगळी फाटक्या पडद्याची, आणि दोष सॉफ्टवेअरचा. व्हीएलसीमध्ये आवाजाची पट्टी १०० टक्क्यांच्या पुढे नेली, तरी आवाज असाच फाटू शकतो. म्हणून स्पीकरवर ठपका ठेवण्याआधी विंडोजच्या ध्वनी सेटिंगमध्ये जाऊन Audio enhancements बंद करणं ही सक्तीची पायरी समजावी. अर्ध्या मिनिटाचं काम, आणि अनेकदा निकाल तिथेच लागतो.

वेळेच्या गडबडीवर परत यायला हवं, कारण तिथला खरा गुन्हेगार बहुधा ध्वनियंत्रणेत नसतोच. प्रोसेसरला अडवून धरणारा ड्रायव्हर वाय-फायचा असू शकतो, ग्राफिक्स कार्डाचा असू शकतो, बॅटरीची पातळी विचारणारा असू शकतो. विंडोजवर लॅटेन्सीमॉन नावाचा छोटा प्रोग्रॅम कोणत्या ड्रायव्हरने प्रोसेसर किती वेळ अडवला ते मोजून दाखवतो. त्याचा निकाल वाचताना एक सावधगिरी मात्र हवी. यादीत वर ndis.sys दिसलं, तर ती मायक्रोसॉफ्टची नेटवर्क यंत्रणा असते आणि तिच्या आडून वेळ खाणारा बहुधा वाय-फाय कार्डाचा ड्रायव्हर असतो. ACPI.sys दिसलं, तर बॅटरी आणि वीज-व्यवस्थापनाकडे पाहावं. म्हणजे नाव निरोप्याचं दिसतं, निरोप पाठवणारा शोधावा लागतो. लिनक्सवर पाइपवायर असेल, तर `pw-top` ही आज्ञा दिल्यावर ERR या रकान्यात चुकलेल्या हप्त्यांचा आकडा वाढताना दिसतो. खरखर आणि आकडा सोबत वाढले, की वेगळा पुरावा नको.

गुन्हेगार किती दूर असू शकतो याचं नामी उदाहरण २०१८च्या मॅकबुकचं. त्या वर्षीच्या टी२ चिप असलेल्या यंत्रांना यूएसबीवरून ध्वनियंत्र जोडून रेकॉर्डिंग करणाऱ्या संगीतकारांच्या आवाजात मधूनच खंड पडत होता. लोकांनी केबल बदलल्या, महागडी यंत्रं परत केली. शेवटी काही जणांच्या लक्षात आलं, की 'तारीख आणि वेळ आपोआप लावा' ही खूण काढली की खंड कमी होतो. घड्याळ जुळवणारं सॉफ्टवेअर आवाजाच्या हप्त्यांच्या आड येत होतं. मार्च २०१९मध्ये आलेल्या मॅकओएस १०.१४.४च्या माहितीपत्रकात, २०१८च्या मॅकबुक एअर, मॅकबुक प्रो आणि मॅक मिनीवर यूएसबी ध्वनियंत्रांची विश्वासार्हता सुधारल्याचं ॲपलने नमूद केलं. केबल बिचाऱ्या निर्दोष होत्या.

सॉफ्टवेअरने स्पीकर फाटण्याची भीतीही काल्पनिक नाही. ॲपलच्या एम मालिकेतल्या लॅपटॉपवर लिनक्स आणणाऱ्या असाही प्रकल्पाने सुरुवातीचा बराच काळ अंतर्गत स्पीकर मुद्दाम बंद ठेवले होते. त्या स्पीकरना सुरक्षित मर्यादेपलीकडे वीज देणं शक्य असतं, आणि मूळ मॅकओएस तारेच्या गुंडाळीचं तापमान अंदाजून आवाज आवरत असतं. तसं राखणदार सॉफ्टवेअर, speakersafetyd, लिहून झाल्यावरच त्यांनी स्पीकर उघडले. बारीक, ताकदवान स्पीकर असलेल्या नव्या लॅपटॉपवर कुठूनतरी उतरवलेलं 'आवाज दुप्पट करा' छापाचं सॉफ्टवेअर टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

जॅकचं दुखणं वेगळं आहे. तिथे आवाज बिघडत नाही; लॅपटॉपला हेडफोन लागल्याचं कळतच नाही.

हेडफोन लावल्याचं लॅपटॉपला कळतं ते आवाजावरून नव्हे, एका बटणावरून. जॅकच्या आत पत्र्याची एक बारीक स्प्रिंग असते. पिन आत शिरली की ती ढकलली जाते आणि एक संपर्क जुळतो किंवा तुटतो. बऱ्याच कोडेकमध्ये अशा सगळ्या बटणांसाठी एकच तार असते आणि प्रत्येक बटणाला वेगळ्या किमतीचा रोधक जोडलेला असतो: ३९.२, २०, १० किंवा ५.१ किलोओहम. तारेवरचा रोध किती ते मोजून कोडेक ठरवतो, की हेडफोन लागला की माइक. मग तो ड्रायव्हरला कळवतो, आणि ड्रायव्हर स्पीकर बंद करून आवाज जॅककडे वळवतो. माइक आणि हेडफोन एकाच भोकात लागणाऱ्या जॅकमध्ये आणखी एक पायरी असते: पिनच्या चौथ्या कड्याला माइक आहे की नाही, याचीही चाचपणी होते.

एवढ्या साखळीत पहिली कडी सर्वांत कच्ची. खिशातली लव, पावसाळ्यात कोकणात पत्र्यावर चढणारा गंज, आडवा धक्का बसून वाकलेली स्प्रिंग. जुन्या मॅकबुकवर तर हा बिघाड डोळ्यांना दिसायचा. २०१६च्या आधीच्या बहुतेक मॅकबुक प्रोच्या हेडफोन जॅकमध्ये प्रकाशावाटे डिजिटल आवाज बाहेर देण्याची सोय होती. आतलं बारीक बटण चुकीच्या जागी अडकलं की यंत्राला वाटायचं, प्रकाशाची केबल लावली आहे. मग सेटिंगमधून अंतर्गत स्पीकरचं नाव नाहीसं व्हायचं, तिथे Digital Out दिसायचं, आणि रिकाम्या जॅकमधून लाल उजेड येत राहायचा. लोक मॅकओएस नव्याने टाकायचे, उजेड तसाच. पिन चार-सहा वेळा हलक्या हाताने आत-बाहेर केली, किंवा लाकडी टूथपिकने ते बटण जागेवर सरकवलं, की स्पीकर परत. स्पीकर सेटिंगमधून गायब, हे लक्षण इतकं सॉफ्टवेअरचं वाटतं, की तिथे टूथपिक सुचायला यंत्राची आतली रचना माहीत असावी लागते.

विंडोजवर उलटी फसगत जास्त होते. रिअलटेकचा आजचा ड्रायव्हर एकटा नसतो; त्याच्यासोबत मागे चालणारी एक सेवा आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून येणारं Realtek Audio Console हे ॲप असतं. काही लॅपटॉपवर पिन लावल्यावर 'काय जोडलं?' असा प्रश्न विचारणारी छोटी खिडकी येते, ती त्यांच्याकडून. एखाद्या अपडेटने ड्रायव्हर बदलला आणि बाकीचे मागे राहिले, की खिडकी येत नाही आणि हेडफोन लागूनही आवाज स्पीकरमधून येत राहतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये रिअलटेकच्या जागी नुसतं High Definition Audio Device दिसत असेल, तर मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण ड्रायव्हर चालू आहे. तो काही वाईट नाही, उलट तपासणीला उपयोगी आहे: मुद्दाम त्यावर गेल्यावर जॅक चालू लागला, तर जॅक निर्दोष सुटला. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून आपल्याच मॉडेलचा पूर्ण संच घेऊन टाकला, की काम झालं.

इथे एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. 'बंद करून चालू केला, तरी तसंच' ही विंडोजवर चाचणीच नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शटडाउन करताना विंडोज आपल्या गाभ्याची आणि ड्रायव्हरची स्थिती जतन करून ठेवतं आणि तीच परत उचलतं. बिघडलेला ड्रायव्हर बिघडलेल्या स्थितीतच जागा होतो. Restart मात्र सगळं नव्याने चढवतं. शटडाउनच करायचं असेल, तर Shift दाबून करावं.

सर्वांत भरवशाचा साक्षीदार म्हणजे दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम. पेन ड्राइव्हवर उबुंटू घेऊन, ते न बसवता नुसतं वापरून पाहता येतं. विंडोजला धक्का लागत नाही. पिन लावून टर्मिनलमध्ये ही आज्ञा द्यावी:

```
amixer -c 0 contents | grep -A2 Jack
```

Headphone Jack या नावाखाली `values=on` किंवा `values=off` दिसतं. काही दिसलं नाही, तर शून्याऐवजी १ टाकून पाहावं. काही यंत्रांत पहिला क्रमांक एचडीएमआयच्या आवाजाला दिलेला असतो. पिन काढून, परत लावून आज्ञा पुन्हा द्यावी. पिनबरोबर on-off बदलत असेल, तर स्प्रिंग, तार, कोडेक सगळं ठणठणीत. दोष विंडोजच्या बाजूला. पिन नसतानाही कायम on असेल, तर आतला संपर्क चिकटलेला आहे, आणि बऱ्याचदा अशाच यंत्रांची 'स्पीकर मुके झाले' अशी तक्रार असते. पिन आडवी दाबली की on, सोडली की off, असं झालं तर स्प्रिंग झिजलेली आहे किंवा जॅकचं डाग दिलेलं टोक सुटलेलं आहे.

कायम off असेल तेव्हा मात्र घाईने शिक्षा सुनावू नये. लॅपटॉप कंपन्या कोडेकच्या पायांना काय जोडलंय याची नोंद बायोसमध्ये करतात, आणि ती कित्येकदा चुकीची असते. लिनक्सच्या रिअलटेक ड्रायव्हरमध्ये अशा शेकडो मॉडेलांसाठी एकेक ओळीच्या दुरुस्त्या भरलेल्या आहेत; आपल्या मॉडेलची दुरुस्ती तिथे नसेल, तर धडधाकट जॅकही off दिसू शकतो. त्यामुळे या साक्षीला एकाच बाजूचं वजन आहे. एका जरी सिस्टिममध्ये जॅक चालला, तरी तो निर्दोष. दोन्हींत चालला नाही, तर संशय बळकट. फक्त लिनक्समध्ये चालला नाही, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

काही कंपन्या विंडोज सुरू होण्याआधीच चालणारी तपासणी देतात. डेलमध्ये सुरुवातीला F12 दाबून, एचपीमध्ये Esc आणि मग F2 दाबून ती मिळते, आणि तिच्यात स्पीकरवर सूर वाजवून पाहायची सोय असते. तिथेही फरफर आली, तर विंडोज आपोआप सुटलं.

एका फसव्या लक्षणाचा उल्लेख करायलाच हवा, कारण तो जॅकचाही दोष नसतो आणि ड्रायव्हरचाही. हेडफोन लावला, आवाज येतो, पण गायक गायब आणि मागचा वाद्यवृंदच शिल्लक! असं होतं तेव्हा पिन पूर्ण आत गेलेली नसते, किंवा हेडसेट जुन्या ओएमटीपी जोडणीचा असतो आणि लॅपटॉप आजच्या सीटीआयए जोडणीचा. दोन्हींत माइक आणि जमिनीची तार यांच्या जागा उलटसुलट असतात. जमिनीची तार नीट न मिळाल्याने कानाला डाव्या-उजव्या आवाजातला फक्त फरक ऐकू येतो, आणि गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा असल्याने तो वजा होतो. दुसरा हेडफोन लावून पाहिला की उलगडा होतो.

आता हे सगळं एका यंत्रावर लावून पाहू. समजा, विंडोज ११ असलेला चार वर्षांचा लॅपटॉप आहे. तक्रारी दोन: ऑनलाइन वर्गात शिक्षकांचा आवाज खरखरतो, आणि हेडफोन लावला तरी आवाज स्पीकरमधूनच येतो. दोन्ही आवाजाच्याच तक्रारी असल्याने कुणालाही वाटेल, ध्वनीची चिप गेली.

आधी खरखर. आधीच उतरवून ठेवलेलं गाणं वाय-फाय बंद करून वाजवलं: स्वच्छ. वाय-फाय चालू करून तेच गाणं, सोबत एक मोठी फाइल उतरवायला लावली: टकटक सुरू. आवाज १० टक्क्यांवर आणला: टकटक आहेच. काही शे रुपयांचं यूएसबी ध्वनी ॲडॉप्टर लावून त्यात हेडफोन घातला: तिथेही टकटक. ही शेवटची चाचणी मोलाची, कारण अशा ॲडॉप्टरमध्ये स्वतःचा कोडेक असतो. लॅपटॉपचा कोडेक, ॲम्प्लिफायर, स्पीकर, जॅक सगळे एका फटक्यात वाटेतून बाजूला होतात. ब्लूटूथ हेडफोननेही ते बाजूला होतात, पण त्याच्या लहरींत स्वतःचे खंड पडतात, म्हणून त्याची साक्ष कच्ची. आता लॅटेन्सीमॉन चालू ठेवून दहा मिनिटं वर्ग ऐकला: सर्वांत वर ndis.sys. कंपनीच्या पानावरून वाय-फायचा नवा ड्रायव्हर टाकला आणि खरखर थांबली. चिपला, स्पीकरला हातही लागला नाही.

मग जॅक. रीस्टार्ट केलं, फरक नाही. सर्वसाधारण ड्रायव्हरवर नेलं, फरक नाही. दुसरा हेडफोन, फरक नाही. पेन ड्राइव्हवरून उबुंटू: off. पिन आडवी दाबली तर on, सोडली तर off. इथे निकाल लागला. कारण लिनक्सला हे मॉडेल ओळखता येत नसतं, तर दाबल्यावरही on आलं नसतं. टॉर्चच्या उजेडात पाहिलं, लव नाही. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, दातांच्या फटींत घालायच्या बारीक ब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून जॅक आतून पुसला, पूर्ण वाळू दिला. फरक नाही. म्हणजे स्प्रिंग गेली किंवा डाग सुटला. धातूची टाचणी घालून स्प्रिंग सरळ करायचा मोह इथे आवरावा. शेजारचे संपर्क त्याने एकमेकांना टेकतात.

एकाच लॅपटॉपवरच्या, एकाच प्रकारच्या वाटणाऱ्या दोन तक्रारींना दोन वेगळी कारणं निघाली, एक सॉफ्टवेअरचं आणि एक यंत्राचं. दोन्ही एकत्र धरून तपासणी केली असती, तर एकीचा पुरावा दुसरीच्या माथी मारला गेला असता.

जॅक बदलण्याचा खर्च तो कुठे आहे त्यावर ठरतो. बऱ्याच लॅपटॉपमध्ये जॅक, यूएसबी आणि कार्डाची फट एका छोट्या वेगळ्या पट्टीवर असतात. ती पट्टी बदलणं सोपं आणि स्वस्त. जॅक थेट मदरबोर्डवर डाग दिलेला असेल, तर काम नाजूक, आणि चार वर्षं जुन्या यंत्रावर ते करावं का, हा विचार करावा. स्पीकरचं गणित सोपं आहे. ते बहुधा जोडीने, वायरसकट मिळतात, आणि बदलण्याआधी कारागिराला मल्टिमीटर लावायला सांगावं. वायर काढून मोजल्यावर ४ किंवा ८ ओहमच्या जरा खाली आकडा आला, तर गुंडाळी शाबूत. काहीच आलं नाही, तर ती तुटलेली. पडदा फाटलेला असला तरी हा आकडा बरोबरच येतो, म्हणून मल्टिमीटरने स्पीकर 'ठीक' दाखवला तरी चढत्या सुराची चाचणी रद्द होत नाही.

दुकानात जाण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: हेडफोनमध्ये खरखर येते का, आवाज कमी केल्यावर जाते का, दुसऱ्या सिस्टिममध्ये येते का, आणि यूएसबी ॲडॉप्टरवर काय होतं. ज्याला फक्त वर्ग ऐकायचे आहेत आणि ज्याचा जॅक मदरबोर्डवर आहे, त्याने तो उघडायच्या भानगडीत न पडता तेच ॲडॉप्टर कायमचं लावून ठेवावं.